पाच हजार रुपयांत चाळीस हजार चित्रे

चित्रे ओळखणाऱ्या किंवा काढून देणाऱ्या मॉडेलला शिकवायला कोट्यवधी चित्रे लागतात. जर्मनीतल्या ‘लायन’ या ना-नफा संस्थेने २०२१ मध्ये ४० कोटी चित्रांचा संच सर्वांसाठी खुला केला. त्यात प्रत्यक्षात एकही चित्र नव्हते. होती ती एक लांबलचक यादी. प्रत्येक ओळीत एका चित्राचा इंटरनेटवरचा पत्ता आणि त्याचे वर्णन. ज्याला मॉडेल घडवायचे त्याने त्या पत्त्यांवर जाऊन चित्रे स्वतः उतरवून घ्यायची. इतकी चित्रे साठवून वाटणे खर्चाचे, शिवाय कॉपीराइटचा प्रश्न, त्यामुळे ही पद्धत सोयीची होती.

पण यादी आज केली आणि चित्रे वर्षभराने उतरवली, तर मधल्या काळात त्या पत्त्यावर काय झाले? वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे कोणाच्याच मालकीचे नसते. दरवर्षी पैसे भरावे लागतात. भरले नाहीत तर, बंद पडलेला मोबाइल नंबर जसा काही महिन्यांनी भलत्याच माणसाला मिळतो, तसे ते नावही पुन्हा विक्रीला येते. ते घेणाऱ्याच्या हाती त्या वेबसाइटवरचे सगळे जुने पत्ते आयतेच येतात. तिथे तो हवे ते चित्र ठेवू शकतो.

निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याचा हिशेब मांडला. या यादीतली मुदत संपलेली डोमेन शोधली तेव्हा दिसले, की अवघ्या ६० डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सुमारे पाच हजार रुपयांत, संचातला ०.०१ टक्का भाग ताब्यात घेता येतो. ०.०१ टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ४० कोटींचा ०.०१ टक्का म्हणजे ४० हजार चित्रे. त्यांनी काही डोमेन खरोखर विकत घेतली, विषारी चित्र मात्र एकही ठेवले नाही. फक्त कोण चित्रे मागायला येते याची नोंद ठेवली. लोक येत होते.

एवढ्याशा भेसळीने काय बिघडते? कार्लिनी यांनीच एका सहकाऱ्याबरोबर २०२१ मध्ये ३० लाख चित्रांच्या संचात ३०० बिघडवलेली चित्रे मिसळून पाहिली होती. या चित्रांवर एक छोटा ठिगळासारखा चौकोन चिकटवलेला होता. शिकून तयार झालेले मॉडेल एरवी अगदी व्यवस्थित वागे. मात्र तोच चौकोन कुठल्याही चित्रावर दिसला, की ते हल्लेखोराने ठरवलेले उत्तर देई. खरी अडचण इथेच आहे. मॉडेल तपासणारे नेहमीची चित्रे दाखवून गुण मोजतात आणि गुण चांगलेच येतात. गुप्त खूण माहीत नसेल तर संशय यायला काही कारणच उरत नाही.

डोमेन विकत घेणाऱ्याला एक मर्यादा आहे. चित्र बदलता येते, यादीत आधीच छापलेले वर्णन बदलता येत नाही. म्हणून त्याला हव्या त्या वर्णनाच्या ओळी ज्या डोमेनवर आहेत तीच शोधावी लागतात. ४० कोटी ओळींच्या यादीत हे फार अवघड नाही, आणि यादी तर सर्वांसाठी खुलीच आहे.

यावरचा उपाय जुनाच आहे. यादी करतानाच प्रत्येक चित्राचा ‘हॅश’, म्हणजे त्या फाइलमधून गणिताने काढलेला आकडा, शेजारी नोंदवायचा. फाइल जराशी बदलली तरी आकडा जुळत नाही. संशोधकांनी संच सांभाळणाऱ्यांना हेच सुचवले. पण वेबसाइटवाले भाबडेपणानेही चित्र लहान करतात, नव्याने साठवतात. मग हॅशच्या चाळणीत विषाबरोबर निर्दोष चित्रेही गळतात.

शिवाय विष आधीच आत असेल तर हॅश त्याच विषावर शिक्कामोर्तब करतो. याच शोधनिबंधात त्यासाठी विकिपीडियाचे उदाहरण आहे. विकिपीडियाची संपूर्ण प्रत ठरलेल्या तारखांना काढली जाते आणि लेख ठरावीक क्रमाने उचलले जातात. त्यामुळे कोणता लेख साधारण कधी उचलला जाईल याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या काही मिनिटे आधी खोटा मजकूर घुसवायचा. जागरूक संपादक तो लगेच पुसतील, पण प्रतीत तो तसाच राहील. इंग्रजी विकिपीडियाच्या प्रतीतला ६.५ टक्के भाग असा बिघडवता येईल, असा त्यांचा अंदाज होता.

लेख उचलण्याचा क्रम दर वेळी बदलला, किंवा काही काळ टिकलेलीच आवृत्ती घेतली, तर हा मार्ग बराचसा बंद होतो. दोन्ही उपायांना पैसा फारसा लागत नाही. म्हणून यापुढे कोणी आपल्या मॉडेलच्या अचूकतेचे आकडे पुढे केले, तर ते ज्यावर शिकले तो माल कुठून आला आणि कोणी तपासला, हेही त्याला विचारा.