डब्यातली चिठ्ठी पुन्हा तीच का निघते?

आमच्या एका गटात मागे मोठं भांडण झालं होतं. त्याचं निमित्त होतं एक स्टीलचा डबा आणि त्यातल्या दहा चिठ्ठ्या.

या गटात दहा जणी आहेत. पापड-कुरडयांचा स्टॉल आठवडी बाजारात लावायचा, तर तीन जणींना जावं लागतं. जी जाते तिचा त्या दिवशीचा रोजगार बुडतो. म्हणून दर आठवड्याला दहाही नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून तीन काढायच्या असं ठरलं. दुसऱ्याच आठवड्यात आधीच्या तिघींपैकी एकीचं नाव पुन्हा निघालं. ताई म्हणाल्या, "डबा सचिवबाईंच्या हातात असतो, तिथंच काहीतरी होतंय." सचिवबाई रडायला लागल्या. एकीनं वही मिटली, दुसरीनं गट सोडते म्हणून सांगितलं.

आम्ही त्या दिवशी बैठकीला होतो. ताईंचं वाटणं खोटं नव्हतं. आपल्या सगळ्यांची सवय भिशीची. भिशीत जिचा नंबर लागला तिची चिठ्ठी परत डब्यात पडत नाही, त्यामुळे तीच बाई लगेच पुन्हा कधीच निघत नाही. पण या डब्यात दर वेळी सगळ्याच चिठ्ठ्या परत टाकल्या जात होत्या. हा खेळ भिशीचा नाही, लॉटरीच्या सोडतीचा आहे. तिथे मागच्या वेळी काय निघालं याचा चिठ्ठीला पत्ताच नसतो.

मग पुन्हा तेच नाव निघायची शक्यता किती? आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दहा जणींतून तीन जणी किती तऱ्हांनी निवडता येतात? पहिली चिठ्ठी दहापैकी कोणतीही, दुसरी उरलेल्या नऊपैकी, तिसरी आठपैकी. १० × ९ × ८ = ७२०. पण तीच तीन नावं पुढेमागे निघाली तरी जाणाऱ्या बायका त्याच. तीन नावांचे असे सहा क्रम होतात, म्हणून ७२० ला ६ ने भागायचं. उत्तर १२०. क्रम सोडून नुसती निवड मोजायच्या या रीतीला कॉलेजच्या पुस्तकात कॉम्बिनेशन म्हणतात.

आता उलट बाजूनं विचार करा. मागच्या तिघींपैकी एकही निघू नये, तर तिन्ही चिठ्ठ्या बाकीच्या सात जणींच्याच हव्यात. सातांतून तीन निवडायच्या तऱ्हा ७ × ६ × ५ भागिले ६, म्हणजे ३५. १२० पैकी फक्त ३५. उरलेल्या ८५ तऱ्हांत मागची एक तरी बाई पुन्हा येतेच. शंभरात जवळजवळ ७१ वेळा! ज्याला आपण लबाडी समजत होतो, ते तर नेहमीच घडायला हवं.

बायकांचा विश्वास बसेना. मग तिथेच बसून २१ वेळा चिठ्ठ्या काढल्या, दर वेळी नीट हलवून, वहीत लिहून. लागोपाठच्या २० जोड्यांपैकी १३ जोड्यांत कुणी ना कुणी पुन्हा निघाली.

खऱ्या लॉटरीतही हेच होतं. युरोपात बल्गेरिया नावाचा देश आहे. तिथल्या सरकारी लॉटरीत ४२ आकड्यांतून सहा काढतात. २००९ साली ६ सप्टेंबरला ४, १५, २३, २४, ३५ आणि ४२ हे आकडे निघाले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरच्या पुढच्याच सोडतीत, पुन्हा हेच सहा! फक्त क्रम वेगळा होता. लोकांत खळबळ उडाली, तिथल्या मंत्र्यांनी चौकशी लावली. लबाडी काही सापडली नाही.

आपल्या रीतीनं बघू. ४२ तून सहा निवडायच्या तऱ्हा ५२,४५,७८६. मागचे सहाच्या सहा परत यायची तऱ्हा एकच. म्हणजे ठरावीक एका सोडतीत असं घडणं बावन्न लाखांत एक. पण आठवड्याला दोन सोडती धरल्या तर पन्नास वर्षांत ५,२०० सोडती होतात. एवढ्यांत एकदा तरी असं घडायची शक्यता हजारात एकाच्या आसपास येते, आणि जगात लॉटऱ्या काही एकच नाहीत.

सहाही परत येणं दुर्मीळ, पण एखादा तरी परत येणं? मागचा एकही आकडा येऊ नये, तर सहाही आकडे उरलेल्या ३६ मधूनच हवेत. त्या तऱ्हा १९,४७,७९२. एकूण तऱ्हांतून त्या वजा केल्या तर ३२,९७,९९४ उरतात. म्हणजे शंभर सोडतींत साधारण ६३ वेळा मागचा एक तरी आकडा पुन्हा दिसतो.

इथेच माणूस फसतो. आकडे सांगणारा येतो, जुन्या सोडतींचा तक्ता दाखवतो आणि म्हणतो, "बघा, मागचा आकडा पुढे येतोच, तोच धरा." तक्ता खरा असतो. पण मागच्या सहांपैकी कोणता येणार, हे तो सांगू शकत नाही. त्यांतल्या प्रत्येकाची यायची शक्यता ४२ त ६, म्हणजे सातात एक. बाकीच्या ३६ आकड्यांचीही तेवढीच. तुम्ही घरातल्या सहा जणांच्या जन्मतारखा घ्या. त्या सगळ्या वेगवेगळ्या असल्या, तर त्यांतली एक तरी निघायची शक्यताही तीच, शंभरात ६३. मागच्या आकड्यांत विशेष काही नाही, आपलं लक्ष तेवढं तिकडे जातं. बल्गेरियात दुसऱ्या वेळी १८ जणांचे सहाही आकडे जुळले, पण मग बक्षीस अठरा ठिकाणी वाटलं गेलं.

मग डब्यात खरंच गडबड असेल तर कळणार कसं? एका आठवड्यावरून कळत नाही. वहीत दर वेळची तीन नावं लिहा आणि लागोपाठच्या २४ जोड्या मोजा. साधारण १७ जोड्यांत एखादं नाव पुन्हा आलेलं असावं. चोविसांच्या चोविसांत आलं तर चिठ्ठ्या नीट हलत नसतील: काढलेल्या परत टाकताना वरच राहतात आणि हात पहिल्यांदा तिथेच जातो. आमच्या डब्यातही एक चिठ्ठी जाड पुठ्ठ्याची निघाली, ती आम्ही बदलली. आणि चोवीसही वेळा एकही नाव पुन्हा आलं नाही, तर ते जास्तच संशयाचं. मग कुणीतरी निवडून चिठ्ठ्या काढतंय.

सचिवबाईंची माफी ताईंनीच मागितली. पण त्यांनी एक प्रश्नही विचारला: "हिशेब पटला, पण माझी दोन आठवड्यांची मजुरी गेली त्याचं काय?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आता तो गट भिशीसारखंच करतो. निघालेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवतात. तीन आठवड्यांत नऊ जणी होतात, चौथ्या आठवड्यात उरलेली दहावी जाते, आणि तिच्यासोबतच्या दोघींसाठी बाकीच्या नऊ चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात.