सॉफ्टनरमधलं मीठ नळाला येत नाही

बेळ्ळंदूरच्या गृहसंकुलांत बोअरवेल आणि टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं वापरलं जातंय, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सॉफ्टनर असतो आणि त्याच्या शेजारी मिठाच्या गोण्यांची थप्पी. ती थप्पी पाहिली की सोसायटीच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "एवढं मीठ पाण्यात घालतात, मग आपण मिठाचंच पाणी वापरतो ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर सविस्तर द्यायला हवं. नाही, सॉफ्टनर पाण्यात मीठ मिसळत नाही. मिठातलं क्लोराइड त्या टाकीतल्या रेझिनमध्ये जवळजवळ शिरतच नाही, आणि ते का शिरत नाही हे 1911 पासून माहीत आहे.

त्या वर्षी फ्रेडरिक डॉनन या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रश्न हाताळला. पडद्याच्या एका बाजूला मोठा, विद्युतभारित रेणू आहे. तो पडद्यातून जाऊ शकत नाही, पण सोडियम-क्लोराइडसारखे छोटे आयन खुशाल ये-जा करतात. सगळं स्थिरावल्यावर छोटे आयन दोन्ही बाजूंना सारखे होतील का? बहुतेकांचं उत्तर "हो, त्यांना कोण अडवतंय" असं असतं. इथेच गैरसमजाचं मूळ आहे. आयन एकटा फिरू शकत नाही. प्रत्येक बाजूला धन आणि ऋण भार जुळलेच पाहिजेत. मोठा रेणू ऋणभारित असेल तर तो भार फेडण्यासाठी त्याच्या बाजूला सोडियम जास्त राहतो आणि क्लोराइड कमी. समतोल साधतो तो संहती सारखी होऊन नव्हे, तर सोडियम गुणिले क्लोराइड हा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा होऊन.

आता सॉफ्टनरची टाकी पाहा. आतले पिवळसर मणी म्हणजे पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांचं जाळं. या साखळ्यांवर सल्फोनेट गट घट्ट जोडलेले असतात, आणि प्रत्येक गटावर एक ऋणभार. मण्याला वेगळा पडदा नाही. पण भार जाळ्यालाच बांधलेला असल्यामुळे मण्याचा पृष्ठभागच डॉननच्या पडद्याचं काम करतो. मण्यात शोषलेल्या पाण्याच्या हिशेबाने हा बांधलेला भार लिटरला साधारण 4 मोल धरू. बाहेरच्या पाण्यात लिटरला 0.01 मोल मीठ आहे असं समजा. बाहेरचा गुणाकार 0.0001. आत सोडियम 4, म्हणून क्लोराइडला जागा उरते 0.000025. म्हणजे बाहेरच्या चारशेव्या भागाइतकंच क्लोराइड आत शिरतं.

मग मीठ लागतं कशाला? मण्यांनी पाण्यातून पकडलेलं कॅल्शियम काढून टाकायला. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. कॅल्शियमवर दोन भार असल्याने डॉननच्या नियमात त्याचं आत-बाहेरचं गुणोत्तर सोडियमच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं. जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियम 0.003 मोल, आणि सोडियम 0.004 मोल असलेलं पाणी घ्या. हिशेब केला तर सोडियमचं गुणोत्तर सुमारे 25 येतं आणि कॅल्शियमचं सुमारे 650. मण्यातल्या जवळजवळ 97 टक्के जागा कॅल्शियम बळकावतं. आता त्याच मण्यांवरून दहा टक्के मिठाचं पाणी सोडा. बाहेर सोडियम 1.8 मोल झाला की त्याचं गुणोत्तर उतरतं 2.6 वर, कॅल्शियमचं जेमतेम 7 वर, आणि कॅल्शियमकडे एक टक्क्याहून कमी जागा उरतात. रेझिन तेच, आयन तेच, फक्त पाण्याची तीव्रता बदलली आणि पारडं फिरलं. प्रत्यक्षात रेझिनला कॅल्शियमची थोडी रासायनिक ओढही असते आणि इतक्या तीव्र द्रावणात आदर्श सूत्र ढोबळच उरतं. पण दिशा हीच.

या तीव्र मिठाच्या पाण्यात मात्र क्लोराइड थोडं आत घुसतं, याच हिशेबाने लिटरला 0.7 मोलच्या आसपास. म्हणून शेवटी स्वच्छ पाण्याने धुणं असतं. ते आटोपतं घेतलं तर पुढचे काही तास नळाला खारट पाणी येतं, आणि त्या एका अनुभवावरून "सॉफ्टनर मीठ घालतो" हा निष्कर्ष निघतो. चूक धुण्याची असते. खात्री करायची असेल तर सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी प्रयोगशाळेत द्या आणि क्लोराइड मोजून घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. नंतरचा आकडा सतत जास्त येत असेल तर मात्र धुण्याची वेळ अपुरी आहे किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

सोडियम वाढतो, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. 300 मिलिग्रॅम जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे 138 मिलिग्रॅम सोडियम येतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश ग्रॅम मिठात असतो तेवढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार सोडियमची चव साधारण 200 मिलिग्रॅमच्या आसपास जाणवते. ज्यांना डॉक्टरांनी सोडियम मोजून घ्यायला सांगितलंय त्यांनी हा आकडा धरावा आणि पिण्यासाठी आरओचं पाणी वापरावं. बाकीच्यांनी अंघोळीच्या पाण्याची धास्ती घेऊ नये.

आयनांची ही असमानता मण्याला महागात पडते. आत 4 मोल आयन, बाहेर नगण्य. त्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि परासरण दाब आदर्श हिशेबाने शंभर वातावरणांच्या जवळ जातो. हा दाब पेलतं ते जाळ्यातल्या आडव्या साखळ्यांचं ताणलेलं बळ. तीव्र मिठात आत-बाहेरचा फरक निम्म्याहून कमी होतो आणि मणी आक्रसतो. त्यावर एकदम जोरात गोडं पाणी सोडलं की तो झटक्यात फुगतो, आणि असं वारंवार झालं की तडकतो. म्हणून धुण्याचा पहिला टप्पा मिठाच्या पाण्याच्याच संथ वेगाने करायचा असतो. ऑपरेटरने घाईत तो गाळला तर काही महिन्यांनी उलट्या धुण्याच्या पाण्यात रेझिनचा भुगा दिसू लागतो आणि टाकीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक वाढतो.

शरीरात हाच नियम चालतो. रक्तातल्या प्रथिनांचा परासरण दाब सुमारे 28 मिलिमीटर पारा असतो. गायटनच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे त्यातला 9 चा वाटा प्रथिनांचा स्वतःचा नसून त्यांच्या ऋणभाराने रोखून धरलेल्या सोडियमसारख्या आयनांचा आहे.

आणखी काही समज थोडक्यात. सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही, उलट किंचित चढतो, कारण 20 ग्रॅम कॅल्शियमच्या जागी 23 ग्रॅम सोडियम येतो. जास्त मीठ ओतल्याने पाणी प्रमाणात जास्त मऊ होत नाही, कारण मण्यातल्या जागा ठरलेल्या असतात. रेझिन दरवर्षी बदलावं लागत नाही. बदलायचं की नाही हे क्षमता मोजून ठरवा.

आणि मग ते गोणीभर मीठ जातं कुठे? क्लोराइड सगळं कॅल्शियमला आणि उरलेल्या सोडियमला घेऊन सांडपाण्यात उतरतं. सोसायटीचा एसटीपी क्लोराइड काढत नाही. तेच पाणी फ्लशला आणि बागेला फिरतं, त्यामुळे झाडांची पानं कडेने करपत असतील तर क्लोराइड नळाच्या पाण्यात शोधण्याऐवजी बागेच्या पाण्यात मोजा, आणि सॉफ्टनरच्या मिठाच्या सांडपाण्याची लाइन एसटीपीपासून वेगळी काढता येते का ते प्लंबरला विचारा.