डबक्यातला दिवा

डबक्यात दिसते ते समोरच्या दृश्याचे नुसते उलटे केलेले चित्र नसते. डोळा जमिनीपासून जितका उंच, तितकेच जमिनीखाली जाऊन वर पाहिले तर जे दिसेल, ते पाण्यात दिसते. हातगाडीवरचे पेरू उभ्या माणसाला दिसतात. पाण्यात मात्र गाडीच्या फळ्यांची खालची बाजू दिसते. एआयकडून चित्र काढून घेताना घोटाळा होतो तो इथेच. चित्र काढणारी ही साधने सहसा प्रकाशाचे किरण मोजत नाहीत. असंख्य छायाचित्रांवरून पाण्यात साधारण काय दिसते एवढे ती शिकलेली असतात. ‘ओल्या रस्त्यावर सुंदर प्रतिबिंब’ एवढ्यावर भागवले, की पेरूंसकट गाडी पाण्यात उलटी टांगलेली मिळू शकते.

म्हणून प्रॉम्प्ट लिहिण्याआधी डबके कुठे हवे ते ठरवावे. कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे आणि 12 मीटरवर 6 मीटर उंचीचा दिव्याचा खांब आहे, असे धरू. दिव्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्यापासून 2.4 मीटरवरच्या पाण्यात दिसेल. डबके 8 मीटरवर असेल, तर त्यात खांबाचा तळाकडचा जेमतेम पाऊण मीटर भाग येईल. दिवा दिसणारच नाही. हे आकडे जसेच्या तसे प्रॉम्प्टमध्ये घालून उपयोग नाही, कारण साधन मीटर मोजून चित्र काढत नाही. त्यांतून निघालेली मांडणी मात्र शब्दांत सांगता येते:

‘रात्र, उभी चौकट, रुंद कोनाची लेन्स, कॅमेरा समतल. अगदी पुढे स्थिर पाण्याचे डबके, मागे रस्त्याच्या मधोमध दिव्याचा एकच खांब. डबक्यात खांबाचा वरचा भाग आणि दिवा उलटा, खांबाच्या बरोबर खाली. डबक्याबाहेर कोरडा डांबरी रस्ता.’

शेवटचे वाक्य वगळू नये; नाहीतर सगळा रस्ताच आरशासारखा चकाकू लागतो. वाऱ्याने पाणी हलत असेल तर तेही लिहावे, कारण तेव्हा दिव्याचा ठिपका उभा लांबट पट्टा होतो.

आलेले चित्र फूटपट्टीने तपासता येते. कॅमेरा समतल असेल, तर दिवा, खांबाचा तळ आणि पाण्यातला दिवा एका उभ्या रेषेत येतात आणि तळ बरोबर मध्ये पडतो. दुकानाची पाटी पाण्यात वरची खाली होते, पण तिची डावी बाजू डावीकडेच राहते. समोरच्या भिंतीवरच्या आरशात अक्षरे सुलटी राहून डावे-उजवे उलटते. खिडकीच्या काचेत प्रतिबिंब ठळक हवे असेल, तर काचेपलीकडे अंधार आणि अलीकडे उजेड मागावा.

एवढे करूनही दिवा बाजूला सरकलेला आला, तर पूर्ण चित्र पुन्हा मागवत बसण्यापेक्षा फक्त डबक्याचा भाग निवडून तेवढाच नव्याने काढून घ्यावा.