सांगाडा आधी, भाग नंतर

एक ब्लोअर, त्याला बेल्टने फिरवणारी मोटर, दोघांच्या खाली बेसप्लेट आणि बेल्टवर पत्र्याचं गार्ड. दोन शाफ्टमधलं अंतर ४०० मिलिमीटर. काम अर्ध्यावर आल्यावर कळतं, की मोटर मोठी घ्यावी लागणार आणि अंतर ४५० हवं. प्रत्येक भाग वेगळा काढला असेल, तर बेसप्लेट वाढवली जाते, भोकं सरकवली जातात आणि गार्ड विसरलं जातं. एका कारखान्यात मी हेच पाहिलं. गार्ड बसवायला घेतलं, तेव्हा पुली पत्र्याला टेकत होती.

घराचा पाया खणण्याआधी जमिनीवर फक्कीने आखणी करतात. कॅडमध्येही भाग काढण्याआधी अशी आखणी करता येते. तिला मास्टर स्केच म्हणतात, क्रिओमध्ये स्केलेटन. तिला जाडी नसते, वजन नसतं. आपल्या उदाहरणात तिच्यात दोन वर्तुळं आहेत: मोटरची पुली १०० व्यासाची, ब्लोअरची २००. शिवाय त्यांच्या केंद्रांमधलं अंतर आणि खाली बेसची रेषा. बेसप्लेट, भोकं आणि गार्ड आपापली मापं इथूनच घेतात. बेस दोन्ही केंद्रांच्या बाहेर १५० जातो, म्हणजे लांबी ७००. गार्ड पुलींच्या कडांपासून २५ मोकळं ठेवतं, म्हणून आतून ६००. स्केचमध्ये ४०० खोडून ४५० लिहिलं, की बेस ७५० होतो, गार्ड ६५०. बाकी कुठे हात लावावा लागत नाही.

इथे एक शिस्त पाळावीच लागते. गार्डचं माप बेसप्लेटच्या कडेवरून घ्यायचं नाही, थेट सांगाड्यावरून घ्यायचं. बेसला उद्या कोपरा कापला, तर ती कड नाहीशी होते आणि गार्ड तुटतं. गार्ड बेसवर आणि बेस गार्डवर अवलंबून राहिला, तर सॉफ्टवेअर चक्रात अडकतं. विकत आणायच्या वस्तूंचा आकारही सांगाड्याला बांधू नये. मोटरच्या पायांवरची भोकं कंपनी ठरवते. मोटरची जागा तेवढी स्केचमधून यावी.

बेल्टचं मात्र उलट आहे. ४०० ला तो सुमारे १२७७ लांब लागतो, ४५० ला सुमारे १३७७. बाजारात ठरावीक लांबीचेच बेल्ट मिळतात. म्हणून जवळचा मिळणारा बेल्ट आधी निवडावा, त्यावरून अंतर काढावं आणि तेच स्केचमध्ये लिहावं. ताण देण्यासाठी मोटरच्या बोल्टना लांबट खाचा ठेवाव्यातच.

सांगाडा पक्का आहे का, हे ओळखणं सोपं आहे. अर्धवट बांधलेल्या स्केचमध्ये एक आकडा बदलला, की भलतीच रेषा सरकते. तेव्हा ड्रॉइंग कटिंगला देण्याआधी अंतर एकदा ६०० करा, प्रत्येक भाग उघडून पाहा, मग मूळ आकडा परत लिहा. एखादा भाग जागचा हलला नाही किंवा मूळ मापावर परतला नाही, तर तो अजून सांगाड्याला जोडलेला नाही.