खरेदीखत झालं, पण घर रिकामं होत नाही

समजा, कोथरूडचा एक फ्लॅट. 10 ऑक्टोबरला खरेदीखत नोंदवलं, बँकेच्या कर्जासह पूर्ण रक्कम विक्रेत्याला पोचली. त्यांचं नवं घर तयार नव्हतं म्हणून त्यांनी पंधरा दिवस मागितले. पंधराचे तीस झाले. खरेदीदार कर्जाचा हप्ता भरतो आणि स्वतः राहतो त्या घराचं 24,000 रुपये भाडंही भरतो. फोन केला की उत्तर एकच, ‘लवकरच करतो.’

इथे एक बारीक अडचण आहे. बहुतेक खरेदीखतांत ‘ताबा आजच दिला’ असं वाक्य छापलेलंच असतं. कागद म्हणतो ताबा मिळाला, प्रत्यक्षात चाव्या विक्रेत्याकडे. उद्या वाद झाला तर विक्रेता नेमका कोणत्या नात्याने तिथे राहतोय, हाच प्रश्न उभा राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार खरेदीदाराने मागणी केल्यावर विक्रेत्याने ताबा द्यायचा असतो. म्हणून ती मागणी लेखी हवी, आणि तिने हे नातंही स्पष्ट करावं. पत्र साधारण असं असावं:

‘सा. न. वि. वि. 10 ऑक्टोबरच्या खरेदीखतात ताबा दिल्याचा उल्लेख असला, तरी आपल्या विनंतीवरून आपण काही दिवस या घरात राहत आहात. प्रत्यक्ष ताबा मला मिळालेला नाही. आपली अडचण मी समजतो, पण मला आता नक्की तारीख हवी आहे. कृपया 30 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता घर रिकामं करून सर्व चाव्या द्याव्यात आणि ताबा पावतीवर सही करावी. त्या दिवसापर्यंतचं वीजबिल आणि सोसायटीची देणी आपण भरावीत. त्यानंतर राहिल्यास रोज 800 रुपये नुकसानभरपाई मागण्याचा माझा हक्क राहील. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे.’

800 हा आकडा 24,000 भागिले 30 असा आला आहे. असा हिशेब दाखवता येतो, तोंडाला येईल तो दंड टिकवणं कठीण. ‘भाडं’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा. भाडं म्हणून पैसे घेतले, पावती दिली, तर विक्रेता भाडेकरू असल्याचा दावा करू शकतो. खरोखरच दोन-तीन महिने द्यायचे असतील, तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच द्यावेत.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं आणि पोच जपावी. व्हॉट्सअॅपवरही पाठवायला हरकत नाही. ‘हो, 30 ला देतो’ एवढं उत्तर आलं तरी तो उपयोगी पुरावा आहे.

कुलूप बदलणं, वीज तोडणं यांच्या वाटेला जाऊ नये. मालक झालात तरी जबरदस्तीने बाहेर काढता येत नाही, उलट आपल्यावरच तक्रार होते. तारीख उलटली तर वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा. तो वर्षानुवर्षं चालू शकतो, त्यामुळे विक्रेता पत्राला उत्तर देऊन चार-आठ दिवस पुढची तारीख लेखी देत असेल, तर ती घ्यावी.