बँकेविना चालणारी खतावणी

बिटकॉइनच्या वहीत कोणाच्याही नावाचे खाते नसते आणि शिल्लकही कुठे लिहिलेली नसते. तिथे फक्त व्यवहारांच्या नोंदी असतात आणि प्रत्येक नोंद आपले पैसे आधीच्या कोणत्या नोंदीतून आले ते सांगते. १२ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निर्मात्याने हॅल फिनी या प्रोग्रामरला १० बिटकॉइन पाठवले. सातोशीकडे नवव्या ब्लॉकचे बक्षीस म्हणून मिळालेले ५० होते. पन्नासची नोट मोडावी तसे ते मोडले गेले: १० फिनीला आणि सुटे ४० परत सातोशीलाच. पन्नासची जुनी नोंद खर्ची पडली, ती पुन्हा कोणालाही वापरता येत नाही.

वहीची पूर्ण प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. नवा व्यवहार आला की प्रत्येक संगणक स्वतः पाहतो: ही रक्कम खरोखर होती का, ती अजून अखर्चित आहे का, डिजिटल सही मालकाच्या किल्लीचीच आहे का.

खरी अडचण वेगळीच आहे. तेच ५० एकाच वेळी दोघांना पाठवले, तर दोन्ही सह्या अस्सलच ठरतात. आधीचा कोणता हे बँक ठरवते; इथे ते मेहनतीने ठरते. मायनर प्रलंबित व्यवहार एका ब्लॉकमध्ये बांधतात, त्यात मागच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा आकडी ठसा, घालतात आणि एक आकडा बदलत राहतात. ब्लॉकचा स्वतःचा हॅश ठरलेल्या मर्यादेखाली आला की ब्लॉक पक्का आणि मायनरला बक्षीस. असा ब्लॉक सापडायला सरासरी दहा मिनिटे लागतात; दर २०१६ ब्लॉकनंतर मर्यादा वेगानुसार बदलते. शोधायला अगणित प्रयत्न लागतात, पण तपासायला एकच गणित पुरते. जुन्या नोंदीत अक्षर बदलले तर तिथून पुढचे सगळे ब्लॉक नव्याने कमवावे लागतात. म्हणूनच मोठ्या रकमेसाठी व्यापारी व्यवहाराचा ब्लॉक धरून सहा ब्लॉक होईपर्यंत, साधारण तासभर, थांबतात.

दोन मायनरना एकदमच ब्लॉक सापडला तर साखळीला दोन फाटे फुटतात. ज्या फाट्यावर जास्त मेहनत साचते तो खरा मानला जातो. एरवी हा निकाल एखाद्या ब्लॉकमध्येच लागतो.

मार्च २०१३ मध्ये तो लागला नाही. सॉफ्टवेअरच्या नव्या ०.८ आवृत्तीने एक मोठा ब्लॉक स्वीकारला, पण जुन्या आवृत्त्यांच्या डेटाबेसला तो पेलला नाही. काही तास दोन वेगळ्या वह्या चालू राहिल्या आणि तेवढ्यात सुमारे दहा हजार डॉलरची रक्कम दोनदा खर्च झाली. नव्या आवृत्तीचा फाटा लांब असूनही, जुन्या आवृत्त्यांचे संगणक तो कधीच मानणार नव्हते. शेवटी प्रोग्रामर आणि मोठ्या मायनरांनी आपसात बोलून जुन्या आवृत्तीकडे परतायचे ठरवले. मायनरांनी नव्या फाट्यावर कमावलेले बक्षीस सोडून दिले. जुना फाटा हळूहळू पुढे गेला आणि वही पुन्हा एक झाली.