पाचशे रुपये देणाऱ्याला खरं सांगायचं

आजचं बोलणं एका दीड मिनिटाच्या व्हिडिओबद्दल आहे. आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, की गावातल्या बारा जणींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांचं एक छोटं पुस्तक छापायचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नव्हता, म्हणून ऑनलाइन लोकवर्गणीचा, म्हणजे क्राउडफंडिंगचा विचार पुढे आला. यात वेबसाइटवर आपल्या कामाचं पान करायचं, त्यावर एक व्हिडिओ टाकायचा, आणि ज्याला काम पटेल त्याने पैसे पाठवायचे.

वर्गणीतून कलाकृती उभी करणं काही नवं नाही. 'मंथन' हा सिनेमा १९७६ साली आला, तो गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केला होता. पण त्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था त्यांच्या ओळखीची होती. आपल्याला पैसे पाठवणारी पुण्या-मुंबईची किंवा नागपूरची बाई आपल्याला ओळखत नाही. तिच्याजवळ आपला फक्त व्हिडिओ असतो. ठेवी बुडाल्याचं दुखणं आपल्या जिल्ह्यानं भोगलेलं आहे, त्यामुळे अनोळखी माणसाला पैसे देताना मनात काय येतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आमची पहिली संहिता एका तरुण मुलीने लिहिली. ऐकायला फार गोड होती. तीत चार वाक्यं अशी होती: "या ओव्या आजवर कुणीच जपल्या नाहीत. आम्हाला ८० हजार रुपये हवेत. तीन महिन्यांत पुस्तक तुमच्या हातात असेल. तुमचा एकही रुपया वाया जाणार नाही." बैठकीत ती वाचून दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, "यातलं एक तरी खरं हाय का गं?" आम्ही एकेक वाक्य तपासत गेलो.

पहिलं वाक्य: कुणीच जपल्या नाहीत. हे खोटं निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. या ठेव्यातल्या अनेक ओव्या आता 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. मग आपल्या कामाचं नवेपण कशात? ते एवढंच, की या बारा जणी आमच्या गावच्या आहेत आणि त्यांच्या ओव्या अजून कुठे नोंदलेल्या नाहीत. तेवढंच बोलायचं. ज्याला विषय माहीत आहे तो मोठा दावा ऐकताच उठून जातो, आणि खरं तर तोच आपला पहिला देणगीदार असतो.

दुसरं वाक्य: ८० हजार. हा आकडा कुठून आला, तर कमी मागितलं की लोक पटकन देतात, या समजुतीतून. आम्ही वही काढली. पाचशे प्रती छापायला प्रत्येकी ९० रुपयांप्रमाणे ४५ हजार. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे चार दिवसांचे १८ हजार. बारा जणींना प्रत्येकी दीड हजार मानधन, तेही १८ हजार. टायपिंग, मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी १२ हजार, मुखपृष्ठ ५ हजार. झाले ९८ हजार. मग लक्षात आलं, की पुस्तक घरपोच पाठवायचा खर्च कुणी धरलाच नव्हता. २८० पुस्तकांना पाकीट आणि टपाल मिळून ५० रुपयांप्रमाणे १४ हजार. अडीअडचणीला ८ हजार. एकूण १ लाख २० हजार.

इथे एक खाच आहे. जमलेल्या पैशातून वेबसाइट आपली फी आणि पैसे वळते करण्याचा खर्च कापते. तो दर वेबसाइटप्रमाणे बदलतो, लेखी विचारून घ्या. आम्ही कर धरून शेकडा १२ असा हिशेब केला. हातात १ लाख २० हजार पडायचे, तर मागायचे १ लाख ३६ हजार ५००. नुसते ८० हजार जमले असते, तर त्यातले ७० हजार ४०० हातात आले असते, आणि पुस्तक अर्ध्यावर अडकलं असतं. कमी मागून काम अडलं, तर देणाऱ्याचे पैसे बुडाले असंच होतं.

म्हणून आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. काही मोहिमांत जेवढे जमले तेवढे मिळतात. काहींत ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच मिळतात, नाहीतर ज्याचे त्याला परत जातात. पुस्तक अर्धं छापता येत नाही, म्हणून आम्ही दुसरा प्रकार निवडला आणि ते संहितेत घातलं. थेट आपला क्यूआर कोड दाखवून पैसे घेतले, तर परत करायची जबाबदारी पूर्ण आपल्यावर येते. आणि कोणत्याही प्रकारात हे पैसे गटाच्या बचतीच्या आणि कर्जाच्या खात्यात मिसळू देऊ नका. वेगळं खातं, दोघींच्या सह्या.

तिसरं वाक्य: तीन महिने. मैत्रिणींनो, आपल्याकडे कॅलेंडर कोयत्यावर चालतं. बारापैकी पाच जणी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जूनमध्ये पेरणी, मग खुरपणी. मोकळा वेळ फक्त एप्रिल-मेचा. त्यातही मुद्रण पहाटेच करावं लागतं, कारण उन्हं वर आल्यावर पंखा लावावा लागतो आणि पंख्याचा आवाज ओवीत उतरतो. म्हणून आम्ही उलटा हिशेब केला: मोहीम जानेवारी-फेब्रुवारीत, पैसे मार्चमध्ये, मुद्रण एप्रिल-मेमध्ये, लिहून काढणं आणि तपासणं जून-जुलैत, छपाई ऑगस्टमध्ये. त्यापुढे छापखाने दिवाळी अंकांत गुंततात. सगळं नीट झालं तर पुस्तक सप्टेंबरात निघतं. आम्ही व्हिडिओत ऑक्टोबरअखेर म्हटलं. उशीर होतोच, हे आमचंच मत नाही. अमेरिकेतल्या 'किकस्टार्टर' या लोकवर्गणीच्या वेबसाइटवरच्या वस्तूंच्या प्रकल्पांचा अभ्यास झाला, त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त प्रकल्पांनी दिलेली तारीख चुकवली होती. नुसती तारीख सांगू नका, तिच्या मागची पायरी सांगा. उशीर झाला तर कुठल्या पायरीवर झाला, हे देणाऱ्याला कळतं.

चौथं वाक्य: एकही रुपया वाया जाणार नाही. हे कुणीच सांगू शकत नाही. त्याऐवजी काय चुकू शकतं ते सांगावं. पण दहा भीती मोजत बसलो तर ऐकणारी घाबरेल. फक्त दोन-तीन, ज्या खरोखर घडू शकतात. प्रत्येकीबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात: काय होऊ शकतं, झालं तर आपण काय करू, आणि देणाऱ्याच्या पैशाचं काय होईल. आमच्या सर्वांत मोठ्या आजींचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांचा आवाज लागला नाही तर? हे व्हिडिओत बोलावं का, यावर बैठकीत वाद झाला. शेवटी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा की, खरं हाय ते." त्यांच्या परवानगीनेच ते वाक्य राहिलं. बाकीच्या अकरा जणींचीही चेहरा दाखवायला आणि ओवी छापायला आधी संमती घेतली. कुणाची गरिबी किंवा रडणं दाखवायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

दोन शब्द चुकूनही बोलू नका. "तुमचे पैसे वाढवून देऊ" असं म्हटलं की ती वर्गणी राहत नाही, ठेव होते, आणि परवानगीशिवाय ठेवी घेण्यावर २०१९ पासून केंद्राचा बंदी कायदा आहे. दुसरं, आयकरात सूट मिळेल असं सांगू नका. त्यासाठीची नोंदणी असलेल्या संस्थेलाच तशी पावती देता येते. परदेशातल्या संस्थेने किंवा तिथलं नागरिकत्व घेतलेल्या माणसाने पैसे देऊ केले, तर त्यालाही सरकारची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

आता आमची शेवटची संहिता ऐका. बोलणारी गटातलीच, अंगणात जात्याजवळ बसलेली. मागे कुठलंही संगीत नाही.

"नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका बचत गटाची सदस्य. आमच्या गावात बारा जणींना जात्यावरच्या ओव्या येतात. महाराष्ट्रात असं काम मोठ्या माणसांनी आधी केलंय, पण आमच्या या बारा जणींच्या ओव्या अजून कुठे नोंदलेल्या नाहीत. आम्हाला त्या ध्वनिमुद्रित करून पाचशे प्रतींचं पुस्तक छापायचंय. त्यासाठी १ लाख ३६ हजार ५०० रुपये लागतील. पूर्ण हिशेब खाली लिहिलाय. ५०० रुपये देणाऱ्याला एक पुस्तक मिळेल. त्यातले सुमारे २०० रुपये फी, छपाई आणि टपालात जातात, उरलेल्यातून काम होतं. फेब्रुवारीअखेर पूर्ण रक्कम जमली नाही, तर तुमचे पैसे तुम्हाला परत जातील. आमच्यातल्या पाच जणी ऊसतोडीला जातात, म्हणून मुद्रण एप्रिल-मेमध्येच होईल. पुस्तक ऑक्टोबरअखेर पाठवू. आमच्या आजींचं वय झालंय. त्यांना गाता आलं नाही, तर त्यांच्या ओव्या लेकीच्या तोंडून घेऊ आणि पुस्तकात तसं लिहू. कागद महागला तर प्रती कमी छापू, पण तुमची प्रत आधी. आम्ही पुस्तक पहिल्यांदाच करतोय. दर महिन्याच्या पाच तारखेला काय झालं, काय राहिलं, ते कळवू."

मावशींनी ते दोनदा ऐकलं. म्हणाल्या, "आता हे सांगताना मान खाली घालावी लागत न्हाई."

त्या शेवटच्या ओळीचा एक अर्थ ध्यानात ठेवा. पाच तारखेला सांगण्यासारखं काही नसलं, तरी "या महिन्यात काही झालं नाही, कारण हे" एवढं कळवायचंच. उशीर लोक समजून घेतात. गप्प राहिलेल्या माणसाबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका येते. तुमच्याकडे अशी संहिता लिहिलेली असेल, तर पुढच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून आमच्या मावशींचा प्रश्न विचारा.